शंभरचे चौऱ्याण्णव कसे झाले

4 मे 2022, बुधवार. एलआयसीचा आयपीओ त्या दिवशी सकाळी खुला झाला होता आणि वाहिन्यांचे सगळे लक्ष तिकडे होते. व्याजदराबाबत त्या दिवशी काही घडेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, कारण रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची ठरलेली बैठक जूनमध्ये होती. मग अचानक कळले की गव्हर्नर शक्तिकांत दास दुपारी दोन वाजता निवेदन करणार आहेत. समितीने वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर 4 टक्क्यांवरून 4.40 टक्के केला होता. बँकांना रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावा लागणारा पैसा, म्हणजे सीआरआर, तोही अर्ध्या टक्क्याने वाढवला होता.

शेअर बाजाराचे काय झाले ते सगळ्यांना दिसले. सेन्सेक्स 1,300 अंकांनी खाली आला, मथळे झाले. बाँड बाजाराची बातमी आतल्या पानावर, एका ओळीत आली: दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचे यील्ड 7.12 टक्क्यांवरून 7.38 टक्क्यांवर गेले. अर्थपुरवणी चाळणाऱ्या माणसाला ही ओळ शुभवार्ताच वाटते. उत्पन्न वाढले, मग रोखे बाळगणाऱ्यांची चांदीच झाली असणार! प्रत्यक्षात ज्यांच्याकडे ते रोखे होते, त्यांचे दर शंभर रुपयांमागे सुमारे पावणेदोन रुपये त्या दुपारी गेले. सरकारी रोख्यांच्या दुनियेत एका दिवसात एवढी घसरण म्हणजे धरणीकंपच.

हा रोखा जवळून पाहू. बाजारात त्याचे नाव ‘6.54 टक्के 2032’. केंद्र सरकारने तो जानेवारी 2022 मध्ये विकला. शंभर रुपयांच्या रोख्यावर वर्षाला 6 रुपये 54 पैसे व्याज, निम्मे जानेवारीत आणि निम्मे जुलैत, आणि जानेवारी 2032 मध्ये शंभर रुपये मुद्दल परत. या व्याजाला कूपन म्हणतात. पूर्वी कागदी रोख्यांना खरोखरच कुपने जोडलेली असत, ती कापून बँकेत द्यायची आणि व्याज घ्यायचे. आता सगळे संगणकातल्या नोंदींवर चालते, पण कूपन ठरले की ठरले ही गोष्ट मात्र तशीच आहे. रेपो वाढो, महागाई वाढो, सरकार बदलो, 6.54 हा आकडा 2032 पर्यंत हलत नाही. बदलू शकते ती एकच गोष्ट, आज हा रोखा हातात घ्यायला कोणी किती रुपये मोजायला तयार आहे ती.

आधी सोपे उदाहरण घेऊ. समजा, हा रोखा बरोबर एका वर्षाने संपणार आहे. वर्षअखेर त्याचे 106 रुपये 54 पैसे हातात येतील. बाजारात याच मुदतीच्या सरकारी रोख्यावर आज 8 टक्के मिळत असतील, तर तुमच्या रोख्याला शंभर रुपये कोण देईल? घेणारा उलटा हिशेब करेल. किती रुपये आज गुंतवले, म्हणजे 8 टक्क्यांनी वर्षाने 106.54 होतील? उत्तर येते 98 रुपये 65 पैसे. तेवढ्यातच सौदा होईल. कूपनमध्ये जे कमी पडते ते घेणारा भावातून वसूल करतो. आणि बाजार 5 टक्क्यांवर समाधानी असेल, तर याच रोख्याला शंभरापेक्षा जास्त भाव येईल.

म्हणजे यील्ड आधी वाढते आणि मग त्याचा परिणाम म्हणून भाव पडतो, अशी ही दोन वेगळी माणसे नाहीत. पुढे मिळणारे पैसे ठरलेले आहेत. आज तुम्ही कमी मोजले की तुमचा परतावा आपोआप जास्त होतो. यील्ड म्हणजे त्या कमी किंवा जास्त मोजलेल्या भावाचीच टक्केवारी. डीलर सौदा भावात बोलतात, वर्तमानपत्र यील्डमध्ये लिहिते, घटना एकच असते.

आता खऱ्या रोख्याकडे. मे 2022 मध्ये त्याला संपायला सुमारे नऊ वर्षे आठ महिने होते. 7.12 टक्के यील्डला त्याचा भाव हिशेबाने येतो 95 रुपये 97 पैसे. 7.38 ला येतो 94 रुपये 24 पैसे. जानेवारीत शंभरला विकलेला कागद चार महिन्यांत चौऱ्याण्णववर आला होता, आणि त्यातले 1 रुपया 73 पैसे एका दिवसाचे होते. हे चौऱ्याण्णव का, हे ढोबळमानाने असे समजता येते: बाजाराला 7.38 हवेत, रोखा देतो 6.54, म्हणजे वर्षाला 84 पैशांची तूट. ही तूट पावणेदहा वर्षे सोसायची आहे, म्हणजे एकूण आठ रुपयांच्या आसपास. ते पैसे पुढे थोडेथोडे बुडणार असल्यामुळे आजच्या किमतीत त्यांचे मोल पावणेसहा रुपये भरते. शंभरातून ते वजा केले की चौऱ्याण्णव.

याच हिशेबात मुदतीचे रहस्य आहे. तूट जितकी जास्त वर्षे सोसायची, तितका भाव जास्त कापला जातो. यील्ड तेवढेच 26 बेसिस पॉइंट (एका टक्क्याचा शंभरावा भाग म्हणजे एक बेसिस पॉइंट) वाढले, तर दोन वर्षांच्या रोख्याचे पन्नास पैसेही जात नाहीत. तीस वर्षांच्या रोख्याचे मात्र तीन रुपयांच्या आसपास जातात. सरकार तेच, बुडण्याची भीती दोन्हीकडे शून्य, तरी जोखीम सहापट. ‘सरकारी रोखे म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. मुद्दल आणि व्याज बुडणार नाही एवढेच सरकार सांगते. मधल्या काळात भाव काय असेल याची हमी त्याने कधीच दिलेली नाही.

बाँड डेस्कवर बसणाऱ्याला या मुदतीच्या जोखमीचा रोजचा आकडा पाठ असतो. ‘6.54’चे यील्ड एक बेसिस पॉइंट हलले की भाव साधारण पावणेसात पैसे हलायचा. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण सरकारी रोख्यांचे सौदे रिझर्व्ह बँकेच्या एनडीएस-ओएम या पडद्यावर होतात, आणि तिथला नेहमीचा सौदा पाच कोटींचा असतो. भाव पैशाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत लावले जातात, यावरूनच कल्पना यावी. शंभर कोटींचे रोखे ज्याच्या खात्यात आहेत, त्याला एक बेसिस पॉइंट म्हणजे पावणेसात लाख रुपये. मोठ्या बँकेच्या किंवा प्रायमरी डीलरच्या दृष्टीने शंभर कोटी ही काही फार मोठी रक्कम नव्हे. 4 मेच्या 26 पॉइंटांनी अशा खात्यातून 1 कोटी 73 लाख रुपये पुसले. डीलरला दिलेली मर्यादासुद्धा ‘इतके कोटी रोखे घे’ एवढ्यावर थांबत नाही. ‘एका बेसिस पॉइंटला इतक्या रुपयांहून जास्त नुकसान होता कामा नये’ अशी ती असते, कारण दोन वर्षांचे शंभर कोटी आणि तीस वर्षांचे शंभर कोटी यांत काहीच साम्य नाही.

पण भावातले नुकसान ही गोष्टीची एकच बाजू. दुसरी बाजू बाहेरून दिसत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

ट्रेडर रोखे स्वतःच्या पैशाने घेत नाही. आज घेतलेले रोखे तारण ठेवून तो रात्रीपुरते पैसे उसने आणतो, उद्या फेडतो, पुन्हा आणतो. या उसनवारीचा दर रेपो दराच्या आगेमागे असतो. मे 2022 च्या सुरुवातीला ती साधारण 4 टक्क्यांनी मिळत होती असे धरू. रोखा देतो 7.12, उसने पडते 4 ला, मध्ये वर्षाला तीन टक्क्यांहून थोडे जास्त उरतात. बाजारात याला कॅरी म्हणतात. शंभर रुपयांमागे दिवसाला सुमारे 85 शतांश पैसा, म्हणजे एक पैसाही नाही. बाजार शांत असेल तर ही कमाई गोड असते: काही करायचे नाही, रोखा धरून बसायचे, दिवसाकाठी पाऊण-एक पैसा जमा होतो.

आता त्या दुपारचा हिशेब करा. 173 पैसे गेले. दिवसाला 85 शतांश पैसा या वेगाने ते जमवायला दोनशे दिवसांहून जास्त लागले असते. साडेसहा महिन्यांची कमाई दोन तासांच्या आत गेली. वर रेपो 40 पॉइंटांनी वाढला असल्यामुळे उद्यापासून उसनवारीही महाग, म्हणजे तो रोखा धरून ठेवला तर पुढची रोजची कमाईही आधीपेक्षा बारीक. दरवाढीचा फटका ट्रेडरला असा दोन्हीकडून बसतो: हातातला माल स्वस्त होतो आणि तो धरून ठेवायचा खर्च वाढतो. उलट दरकपातीत दोन्हीकडून फायदा होतो. म्हणून पतधोरणाच्या सकाळी या लोकांच्या घशाखाली चहा उतरत नाही.

आणि अशा दिवशी घसरण स्वतःलाच ढकलत जाते. नुकसान ठरावीक रेषेपलीकडे गेले की स्टॉप लॉस लागू होतो. डीलरला पटो न पटो, विकावेच लागते. सगळ्यांच्या रेषा जवळपास एकाच पातळीवर असतात, त्यामुळे सगळे एकाच वेळी विकायला निघतात. पडद्यावर विकणाऱ्यांची रांग लांबते, घेणारे मागे सरतात. हे ओळखायची खूण सोपी आहे. घेणाऱ्याचा भाव आणि विकणाऱ्याचा भाव यांत एरवी पाव-अर्धा पैशाचे अंतर असते. ते पाच-दहा पैशांवर गेले की समजावे, आता जो भाव दिसतो आहे तो लोकांच्या मतांपेक्षा त्यांच्या नाइलाजाचा भाव आहे.

मग एक प्रश्न उरतो. रेपो वाढला की यील्ड वाढते आणि भाव पडतो, एवढेच सूत्र असेल तर प्रत्येक दरवाढीला हेच व्हायला हवे. तसे होत नाही. महिन्याभराने, 8 जून 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो पुन्हा वाढवला, या वेळी 50 पॉइंटांनी, म्हणजे मेपेक्षा जास्त. त्या दिवशी दहा वर्षांचे यील्ड किंचित खालीच आले. वाढ मोठी, आणि भाव वर!

कारण असे की जूनमध्ये कोणालाच धक्का बसला नाही. मे महिन्यातल्या त्या दुपारनंतर बाजाराने पुढच्या वाढी आधीच भावात धरून टाकल्या होत्या. 8 जूनच्या आधीच यील्ड साडेसात टक्क्यांवर गेले होते. शिवाय सीआरआर पुन्हा वाढेल अशी भीती होती, ती खोटी ठरली, तेवढाच सुटकेचा निःश्वास. दहा वर्षांचा रोखा आजच्या रेपोकडे बघत नाही. पुढची दहा वर्षे रात्रीपुरते पैसे सरासरी किती महाग असतील, याचा बाजाराने बांधलेला अंदाज त्यात असतो. महागाई किती राहील, सरकार किती कर्ज काढेल, याची धास्तीही त्यात मिसळलेली असते. रिझर्व्ह बँक त्या अंदाजानुसार वागली तर भाव ढिम्म राहतो. अंदाज चुकवला तरच तो हलतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पुढच्या नऊ महिन्यांत मिळाला. 4 मेनंतर रेपो 4.40 वरून चढत चढत फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 झाला, दोन टक्क्यांहून जास्त वाढ. एवढ्या काळात दहा वर्षांचे यील्ड कुठे पोचले? जूनमध्ये ते 7.6 च्या आसपास जाऊन आले, पण फेब्रुवारीत पुन्हा 7.3 च्या घरातच होते, म्हणजे 4 मेला संध्याकाळी होते जवळपास तिथेच. कमी मुदतीकडे मात्र चित्र वेगळे होते. 364 दिवसांच्या ट्रेझरी बिलांचे यील्ड याच काळात दीड टक्क्याहून अधिक वाढले, कारण वर्षभरात संपणाऱ्या कागदाला दूरचे बघायला जागाच नसते. दूरचा रोखा मात्र मनात म्हणत होता: आज दर वाढवताय ना, म्हणजे उद्या महागाई आटोक्यात येईल आणि परवा दर उतरतील.

उलट दिशेचे उदाहरणही ताजे आहे. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो एकदम 50 पॉइंटांनी कमी करून 5.50 केला. कपात अपेक्षेपेक्षा मोठी. सूत्रानुसार लांब मुदतीच्या रोख्यांनी उसळी मारायला हवी होती. पण त्याच निवेदनात बँकेने आपली भूमिका ‘अनुकूल’वरून ‘तटस्थ’ केली. बाजाराने वाचले ते हे की एवढीच कपात, पुढे फारशी नाही. पुढच्या आठवड्यांत लांब मुदतीचे यील्ड वर सरकले आणि कपात ऐकून सकाळी दहाच्या ठोक्याला घाईने खरेदी करणारे अडकले. म्हणून जुने डीलर निवेदनातला आकडा आधी बघतात खरे, पण बटण दाबण्यापूर्वी भूमिकेचे वाक्य शोधतात.

मग रोखा मुदतीपर्यंत धरून ठेवला तर? भाव पडो नाहीतर चढो, शेवटी शंभर मिळणारच. हा युक्तिवाद चुकीचा नाही, आणि आपल्या बँकांचा मोठा आधार तोच आहे. कायद्याने त्यांना ठेवींच्या 18 टक्के रक्कम सरकारी रोख्यांसारख्या मालमत्तेत ठेवावी लागते. त्यातला मोठा भाग त्या ‘मुदतीपर्यंत ठेवायचा’ या कप्प्यात टाकतात. तिथल्या रोख्यांना रोजच्या बाजारभावाचे नुकसान ताळेबंदात दाखवावे लागत नाही. पण न दाखवलेले नुकसान म्हणजे न झालेले नुकसान नव्हे. ते दिसत नाही ते फक्त तोपर्यंत, जोपर्यंत विकायची वेळ येत नाही.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेवर ती वेळ आली. व्याजदर शून्याजवळ असताना तिने ठेवीदारांचा पैसा लांब मुदतीच्या सरकारी आणि गृहकर्जांवरच्या रोख्यांत घातला. मार्च 2022 पासून तिथल्या फेडरल रिझर्व्हने दर वाढवायला घेतले आणि वर्षभरात ते साडेचार टक्क्यांच्या पुढे नेले. रोखे अस्सल होते, एकही बुडालेला नव्हता; फक्त त्यांचे भाव पडले होते. ठेवीदार पैसे काढू लागले तेव्हा बँकेने 21 अब्ज डॉलरचे रोखे विकले, 1.8 अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला, आणि लोकांना उरलेल्या कप्प्यात काय दडले असेल याची शंका आली. 9 मार्च 2023 या एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या. 10 मार्चला बँक बंद. धरून ठेवायची इच्छा असून भागत नाही, धरून ठेवण्याची ऐपत लागते, आणि ती ठेवीदारांच्या हातात असते.

घरगुती गुंतवणूकदाराला हे सगळे दोन वेगळ्या वाटांनी भेटते. नोव्हेंबर 2021 पासून रिटेल डायरेक्ट योजनेत कोणालाही रिझर्व्ह बँकेकडे खाते काढून किमान दहा हजारांपासून सरकारी रोखे घेता येतात. जानेवारी 2022 मध्ये ‘6.54’ घेऊन जो विसरून गेला, त्याला जानेवारी-जुलैत व्याज मिळत राहील आणि 2032 मध्ये पूर्ण मुद्दल. 4 मे त्याला जाणवलाच नाही. तोटा त्यालाही झाला, पण तो वेगळ्या रूपाचा: चार महिने थांबला असता तर तोच कागद चौऱ्याण्णवला मिळाला असता. बँकेतल्या मुदतठेवीचेही असेच असते. दर वाढल्यावर जुनी ठेव मागे पडते, फक्त तिचा भाव रोज कोणी फळ्यावर लिहीत नाही.

दुसरी वाट गिल्ट फंडाची. इथे धरून बसण्याचा पर्याय फंडालाच नाही. रोज संध्याकाळी त्याला बाजारभावाने हिशेब करावा लागतो. ज्या फंडाकडे सगळे ‘6.54’सारखे दहा वर्षांचे रोखे होते, त्याची एनएव्ही 4 मेला पावणेदोन टक्क्यांनी खाली आली असणार. म्हणून अशा फंडात पैसे टाकण्यापूर्वी मागच्या वर्षीचा परतावा बघण्याऐवजी फॅक्टशीटमध्ये ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ नावाची ओळ शोधावी. तिथे 7 लिहिले असेल, तर यील्ड एक टक्का वाढल्यावर फंड साधारण सात टक्के खाली जाईल आणि एक टक्का उतरल्यावर तेवढाच, किंबहुना थोडा जास्त, वर येईल. 1 लिहिले असेल तर दोन्हीकडे एकच टक्का. मागच्या वर्षीचा घसघशीत परतावा बहुतेक वेळा उतरत्या व्याजदरांची देणगी असतो, आणि दर उतरायचे थांबले की त्या फंडाकडे फक्त यील्डइतकी कमाई उरते.